टाकी बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरचा तांब्याचा बंब फुटला तेव्हा मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी मोरीत जाऊन उगाचच तोंड धुतलं. बुडाला भोक पडलं होतं. विस्तव विझला होता, राखेचा चिखल झाला होता, आणि आबा, म्हणजे आमचे वडील, खांद्यावर पंचा टाकून त्या चिखलाकडे असे बघत होते की जणू कुणी घरातलंच गेलंय. मी तोंड पुसून बाहेर आलो आणि शक्य तितक्या दु:खी आवाजात म्हणालो, "आबा, आता सोलर बसवू या."

आनंदाचं कारण सांगतो. आबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या खरेदी विभागात गेली. कारखान्यात आलेली वस्तू आत घ्यायची की गेटवरूनच परत पाठवायची, हे ठरवणारा माणूस. बॉयलरची नळी असो की झाडू, आबा तीन गोष्टी बघायचे आणि त्या तीन बोटांवर मोजून दाखवायचे. करंगळी म्हणजे सर्टिफिकेट. तिच्या शेजारचं बोट म्हणजे वॉरंटी. आणि मधलं बोट, सगळ्यात लांब, म्हणजे बसवणारा माणूस. "पहिली दोन कागदावर मिळत्यात," ते म्हणायचे, "तिसरं जाऊन बघावं लागतंय." आणि जाऊन बघायचं म्हणजे दुकानात नव्हे. त्याच माणसानं दुसऱ्या कुणाकडे बसवलेलं, वापरून जुनं झालेलं काम, तिथल्या तिथं उभं राहून बघायचं. घरमालकाला चार प्रश्न विचारायचे. मगच होकार.

आणि मला ठाऊक होतं की स्टेशन रोडवरच्या एका विक्रेत्यानं दोन वर्षांपूर्वी गडहिंग्लजमध्ये एका गच्चीवर सोलर बसवलंय. ती गच्ची माझ्या बहिणीची होती.

आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आई आम्ही शाळेत असतानाच गेली, त्यानंतर आबांनी आम्हा दोघांना वाढवलं, आणि खरं सांगायचं तर आक्कानं आबांना आणि मला वाढवलं. मग तिनं गडहिंग्लजच्या एका लिंगायत कापड व्यापाऱ्याच्या मुलाशी, आमच्या दाजींशी, रजिस्टर लग्न केलं. आबांना ते कारखान्यात, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून कळलं. जात हे कारण होतंच, नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण आबा जातीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "मला इचारलं न्हाय." त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव निघालं नाही. मी चोरून जायचो. आबांना ते माहीत असावं, कारण मी गडहिंग्लजहून आलो की त्या दिवशी ते माझ्याशी जेवताना बोलत नसत.

तर बंब फुटला आणि मला रंगमंच दिसला. आबांना आक्काच्या घरी न्यायला जगात कुठलंही कारण चालणार नव्हतं. बारसं नाही, आजारपण नाही. पण सोलरच्या टाकीचं तिसरं बोट चालण्यासारखं होतं.

मी कामाला लागलो. एका रविवारी आबांबरोबर कोल्हापूरभर हिंडून आम्ही सहा कंपन्यांचे कागद गोळा केले. मला वाटलं होतं हे सगळं नाटक, त्यात माझा जीव लागायचा नाही. पण आबांना त्या दुकानांतून हिंडताना बघणं म्हणजे तिकीट काढून बघावं असा खेळ होता. निवृत्त झाल्यापासून माणूस घरात नुसता वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता, तो एकदम ताठ झाला. सदऱ्याच्या खिशात लोहचुंबक.

पहिल्या दुकानात मालक म्हणाला, "साहेब, आपली अख्खी सिस्टीम आयएसआय हाय."

"अख्खी?" आबांनी विचारलं.

"अख्खी की."

"कलेक्टरवर छाप हाय ते दिसतंय मला," आबा म्हणाले. कलेक्टर म्हणजे काचेखालची ती काळी चौकट, तिच्यात तांब्याच्या नळ्या असतात आणि पाणी तिथं तापतं. "टाकीवर कुठं हाय छाप? दावा."

मालकानं टाकीभोवती एक प्रदक्षिणा घातली. छाप नव्हता. आयएसआयचा छाप कलेक्टरला असतो, टाकीला नव्हे, हे आबा आदल्या रात्री वाचून आले होते. मग चुंबक निघालं. टाकीच्या आतल्या पत्र्याला ते लावलं आणि ते जे चिकटलं ते सुटेना. "ह्याला स्टेनलेस म्हणतोस व्हय रं?" आबांनी ते ओढून काढत विचारलं, आणि करंगळी मिटली. एक कंपनी गेली.

दुसऱ्याची वॉरंटी कलेक्टरला पाच वर्षं आणि टाकीला एक वर्ष होती. "म्हणजे टाकीवर तुमचाच भरवसा न्हाय," आबा म्हणाले. तिसऱ्यानं पाच वर्षं लिहिली होती पण खाली बारीक अक्षरात बोअरचं पाणी वापरल्यास वॉरंटी नाही असं होतं. आमच्या गल्लीत नळाचं पाणी असल्यानं तो वाचला. असं करत करत दोन कंपन्या उरल्या. दोन्ही कागदावर चोख. त्यातल्या एकीचा विक्रेता म्हणजे माझा स्टेशन रोडवाला. तो उरावा म्हणून मी काहीही केलं नव्हतं, देवाशप्पथ. तो आपल्या गुणांवर उरला होता, आणि मी मनात पेढे वाटत होतो.

"आता जाऊन बघायचं," पुढच्या रविवारी त्याच्या दुकानात जाऊन आबा म्हणाले. "नवं नको. दोनेक वर्षं झालेलं दावा."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी आदल्या दिवशी त्याला भेटून गेलो होतो. आमचं नातं त्याला सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणालो होतो की गडहिंग्लजचं काम दाखवा, आबा खूश होतील.

"गडहिंग्लजला एक मस्त काम हाय आपलं," तो म्हणाला. "माझी गाडी हाय, जाऊन येऊ."

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओळखलं. पण गडहिंग्लजला हजारो घरं आहेत. "चला," ते म्हणाले.

मी आदल्या रात्रीच फोन करून आक्काला सांगितलं होतं. तिनं विचारलं, "त्यांना म्हाईत हाय?"

"न्हाय."

"दारातनं परत गेले म्हंजे?"

"आबा पहिली दोन बोटं पास करून तिसऱ्यासाठी आलेले असतील. टाकी बघितल्याशिवाय जाणार न्हाईत," मी म्हणालो. मी फार हुशार आहे, असं तेव्हा मला वाटत होतं.

गाडीत मी पुढं बसलो होतो. वाटेत विक्रेता आपल्या कंपनीचे गोडवे गात होता आणि आबा उसाकडे बघत होते. गाडी गल्लीत वळली. दार उघडंच होतं. आक्का उंबऱ्यात उभी. नवी साडी नव्हती नेसली, शहाणी होती, पण केस धुतलेले होते आणि अजून ओले होते.

"ह्या आपल्या गिऱ्हाईक," विक्रेता म्हणाला. "आणि हे साहेब टाकी बघायला आलेत."

मी आबांकडे बघायचं धाडस केलं नाही. विक्रेत्याच्या बुटांकडे बघत राहिलो. आजवर मी गावातल्या गणपतीपुढं पुष्कळ नाटकं केली, पण तसा प्रवेश कधी मिळाला नाही.

"जिना कुठाय?" आबांनी विचारलं.

बस. आवाजात काही नाही. जसा वीजमंडळाचा माणूस मीटर कुठाय विचारतो, तसं.

"शिडी हाय, मागनं," आक्का म्हणाली. "या."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथं तिच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हातारी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायची, आणि मी त्यांच्या ओळखीचा. त्यांनी मला बघितलं, मग माझ्या मागच्या माणसाचं नाक बघितलं. आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. सुपातल्या शेंगा बाजूला सारून त्या उठल्या आणि ओरडल्या, "अय्यो, बीगर आले! बीगर आले की गं!" बीगर म्हणजे कन्नडमध्ये व्याही. पाच वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या तो माणूस शेवटी परसातनं आला, एवढंच त्यांना कळलं. "पोळी टाक गं! तूप काढ! बसा की, बसा!"

विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. आबा शिडी चढत होते. त्यांच्या गुडघ्यात तेव्हाही कळ यायची, दर पायरीवर ते जरा थांबायचे, आणि आक्का खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती. तिनं आपलं सगळं वजन त्या शिडीवर टाकलं होतं. ते चढून गेल्यावर ती चढली.

गच्ची तिनं इतकी घासली होती की फरशीवरून ऊन उसळत होतं. आबा कामाला लागले. कलेक्टर दक्षिणेकडे तोंड करून आहे का बघितलं. आयएसआयचा छाप बघितला. टाकी कलेक्टरपेक्षा उंच आहे का, नळ्यांना चढ बरोबर दिलाय का, म्हणजे गरम पाणी आपोआप वर टाकीत जाईल, तेही बघितलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. ठेवलाच राहिला.

"गरम हाय," ते म्हणाले.

"पाणी गरम म्हणून टाकी गरम," विक्रेता हसला.

"बाहेरचा पत्रा गार असाय पायजे. आतली ऊब आतच राहाय पायजे." आबा वाकले. टाकीच्या बुडाशी, पत्र्याच्या जोडावर, तांबूस डागाची एक रेघ होती आणि तिच्या टोकाला एक थेंब. त्यांनी तो बोटावर घेतला. "आतनं गळतीय. मधला ऊब धरणारा कापूस भिजलाय."

मी आक्काकडे बघितलं. तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं. आणि ती का बोलली नाही ते मला तिच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं. सांगितलं असतं तर मी आबांना आणलंच नसतं.

आबा सरळ झाले आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले. "तुमच्याकडं सकाळी पाणी कसं येतंय?"

लहानपणी तिच्या वेण्या घालणारा माणूस तिला तुम्ही म्हणत होता.

विक्रेता आबांच्या पाठीमागून तिला डोळ्यांनी खुणावत होता. गरम म्हणा, गरम म्हणा. मीसुद्धा, लाज वाटते सांगायला, मनातल्या मनात तेच म्हणत होतो. आक्का, चांगलं म्हण. चांगलं म्हणालीस तर तीच टाकी आपल्या घरी येईल, मग काही बिघडलं की विचारायला येतील, तुझी कशी चाललीय म्हणून चौकशी करतील, दोन्ही घरांना एकच टाकी असेल, बोलायला काहीतरी असेल. सगळं तिला दिसत होतं. माझ्यापेक्षा ती कधीही हुशार होती.

"कोमट येतंय," ती म्हणाली. "आठेक म्हयनं झालं."

"बसवणारा आला होता?"

"चारदा सांगितलं. पुण्यास्नं इंजिनिअर येणार म्हणत्यात. आला न्हाई कोण."

"टाकीची वॉरंटी?"

"तीन वर्षं. अजून हाय."

आबांनी मान हलवली. जगात त्यांना खोटं न बोलणारी जी थोडी माणसं भेटली, त्यात ती एक होती, आणि तिला तसं त्यांनीच केलं होतं. ते विक्रेत्याकडे वळले नाहीत. मधलं बोट त्यांनी मिटलं का, तेही मी बघितलं नाही.

"वॉरंटीचं कार्ड द्या," ते तिला म्हणाले.

ती खाली गेली, कार्ड घेऊन आली. त्यांनी ते घडी करून चुंबकाच्या खिशात ठेवलं आणि शिडी उतरले. परसात म्हातारीनं पाट मांडला होता, ताटात पोळी होती, पोळीवर तूप होतं. "उठा, बसा, काय घाई!" ती म्हणत होती, उलटसुलट, आनंदानं. आबांनी तिला हात जोडले. नीट, वाकून जोडले. आणि गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर विक्रेत्यानं विचारलं, "म्हणजे साहेब, ते तुमचे पावणं?"

"टाकी कवा बदलून देताय?" आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आबा त्या दुकानात जाऊन बसायला लागले. दुकान उघडायच्या वेळी जायचे, खुर्ची घ्यायचे, आणि जे गिऱ्हाईक सोलर विचारायला येईल त्याला अतिशय सभ्यपणे सांगायचे, "छाप कलेक्टरवर बघा. टाकीचं मात्र ह्यांना इचारा." विक्रेत्याला घाम फुटायचा. मी एकदा त्यांना घ्यायला गेलो तेव्हा तो रडकुंडीला आला होता.

"साहेब, तुमची ती कोण लागती एवढी? मला सांगा तरी!"

"कोण न्हाय," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक हाय."

मी दारातच होतो. मला वाटलं होतं, ह्या प्रश्नावर त्यांना एकदा तरी अडखळावं लागेल. अडखळले नाहीत. पण उत्तर दिल्यावर ते खुर्चीतून उठले आणि दुकानात उभ्या असलेल्या एका टाकीच्या मागं जाऊन बराच वेळ तिचा जोड बघत राहिले, आणि त्या जोडात बघण्यासारखं काही नव्हतं.

कंपनीनं टाकी बदलून दिली. दुकानाच्या फिटरवर आबांचा विश्वास नव्हता म्हणून त्यांनी आपल्या ओळखीचा, शाहूपुरीतला, स्वतंत्र काम करणारा एक मुसलमान फिटर पाठवला आणि मजुरी विक्रेत्याच्या बोकांडी बसवली. फिटर संध्याकाळी आमच्याकडे हिशेब सांगायला आला. जोड कसे केले, नळ्यांवर कापूस गुंडाळला का, पहिल्या पहाटेपर्यंत थांबून पाण्याला हात लावून बघितला का, सगळं आबांनी खोदून विचारलं. तो सांगत होता.

"चाचा, कडक पानी हाय आता. हात लावून निघालो," तो म्हणाला. मग जरा अवघडून, "त्या बाई इचारत होत्या, साहेब परत बघायला येनार काय."

"काम नीट झालंय न्हवं?"

"एकदम."

"मग यायचं कशाला?" आबा म्हणाले.

आमच्या घरी त्यांनी उरलेल्या दुसऱ्या कंपनीचं सोलर घेतलं आणि बसवायला हाच फिटर बोलावला. पाणी इतकं कडक यायचं की विसण घातल्याशिवाय अंगावर घेता येत नसे. मी त्या पाण्यानं बरीच वर्षं आंघोळ केली. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मग लोडशेडिंगचा काळ आला. दिवसाचे कितीतरी तास वीज नाही, उकाड्यात लोक ओट्यावर येऊन बसलेले, कुणी सरकारला, कुणी नशिबाला शिव्या देतोय. आबा आता फार थकले होते. दुपारी पंखा बंद पडला की त्यांना कासावीस व्हायचं. पुन्हा एकदा घरात सोलरचे कागद यायला लागले. ह्यावेळी पाण्याचं नव्हे, विजेचं. गच्चीवर पॅनेल आणि खाली बॅटरी.

ही बातमी मी आक्काला सांगितली, आणि पुढच्या महिन्यात तिनं स्वत:च्या गच्चीवर पॅनेल बसवून घेतलं. तिला वीज नको होती असं नाही, दाजींच्या दुकानालाही उपयोग होता. पण मला तिनं सांगितलं ते असं: "आबांना म्हणावं, हितं बसवलंय. बघायला मिळंल. आणि शिडी काढून टाकलीय म्हणावं. पायऱ्या केल्यात. दोन्ही बाजूनं कठडा हाय."

मी जाऊन बघितलं. परसातून गच्चीपर्यंत सिमेंटच्या पायऱ्या, नेहमीपेक्षा बुटक्या, गुडघेदुखीच्या माणसाला चढता येतील अशा. मध्यावर बसायला एक कट्टासुद्धा. म्हातारी सासू तोवर वारली होती. ह्या पायऱ्या कुणासाठी, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं.

आबांनी खाटेवर पडल्यापडल्या कागद चाळले. चार कंपन्या होत्या. एकीकडे कुठल्याच प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट नव्हतं, ती गेली. दुसरीचं पॅनेल पातळ थराचं, स्वस्त, पण पहिल्या काही महिन्यांतच जोर कमी होणारं, ते त्यांनी कागद वाचूनच ओळखलं. तिसरीच्या पॅनेलचा कागद झकास, पण बॅटरी कुणाची ते लिहिलेलंच नव्हतं. उरली एक. पॅनेलला पंचवीस वर्षांची वॉरंटी, बॅटरी नावाजलेल्या कंपनीची. आक्कानं घेतली होती ती हीच.

"आबा, हे बसवलेलं गडहिंग्लजला हाय," मी म्हणालो. "जाऊन बघू."

"काय बघायचं?" आबा म्हणाले. चिडून नव्हे. खरंच समजून घ्यायला विचारलं. "पॅनेलमधी पाणी न्हाय, गळत न्हाय. तपासून छाप मारूनच येतंय ते. आणि परवा बसवलेलं बघून काय कळतंय? नवं समदंच चांगलं दिसतंय."

"पण बसवणारा? तिसरं बोट?"

"बसवणार तो शाहूपुरीचा फिटर. त्याला म्या ओळखतो की." त्यांनी मान उशीवर टेकवली. "त्या गडहिंग्लजच्या टाकीचं काम त्यानंच केलंय. आठ वर्षं झाली, तक्रार न्हाय. आणिक काय बघायचं?"

मी काहीही बोललो असतो. तक्रार आहे, असं म्हणालो असतो. पण आबांच्या समोर कागदाबद्दल खोटं बोलायला मलाही जमत नाही. सगळं बरोबर होतं. करंगळी बरोबर, दुसरं बोट बरोबर, आणि तिसरं तर तिच्याच गच्चीवर सिद्ध होऊन बसलं होतं. आक्काच्या टाकीचं काम इतकं चोख झालं होतं की तिच्याकडे यायचं कारण उरलं नव्हतं.

फिटर आला, पॅनेल बसवून गेला. पंखा फिरायला लागला. आबा त्या वाऱ्यात झोपले.

हे सांगायला मी गडहिंग्लजला गेलो. आक्का पायऱ्यांवर मध्यावरच्या कट्ट्यावर बसली होती. मी सांगितलं.

"कुठली कंपनी घेतली?" तिनं विचारलं.

"तुझीच."

"बरं झालं. फसवणूक न्हाय व्हायची." ती उठली. "ये वर. तू तर बघ."

वर पॅनेल होतं, काच पुसलेली. वाऱ्यानं उडू नये म्हणून बोल्ट डबल नटाचे. आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे राहिलो. मग ती म्हणाली, "आबांच्यासारखं इचार."

लहानपणी मी आबांची नक्कल करायचो आणि ती हसून हसून चुलीपुढं लोळायची. त्यात माझा हात कुणी धरत नसे. मी हात मागं बांधले, पोट जरा पुढं काढलं, आणि आबा झालो. "सावली पडतीया का कुठली?"

"न्हाय. सकाळी जरा नारळाची पडायची, झावळ्या तोडल्या."

"बॅटरीत पाणी कुठलं घालताय?"

"डिस्टिल्ड. नळाचं न्हाय."

"काच पुसताय?"

"आठवड्याला."

"बसवणारा माणूस आला होता परत?"

"आला होता. बिन बोलवता."

"बरं," मी म्हणालो, आबांच्याच आवाजात.

ती हसली होती. हसू ओठांवर तसंच ठेवून ती थांबली. तिला पुढचं हवं होतं. आवाज त्यांचा माझ्या गळ्यात होता, ऊन होतं, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, आणि एक साधं वाक्य म्हणायचं होतं. तू कशी हायस. एवढंच. मी तोंड उघडलं. पण मी आयुष्यभर माणसांच्या नकला करत आलो आहे, आणि जे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही ते त्याच्या आवाजात मला म्हणता येईना. म्हटलं असतं तर तिलाच ते खोटं ऐकू आलं असतं.

"दमलास," आक्का म्हणाली. "चल, च्या टाकते."

ती पुढं झाली आणि पायऱ्या उतरायला लागली.